अटलांटिकवरचा हवामान नकाशा वाचून उद्याचं हवामान कसं सांगायचं

हवामानशास्त्राच्या स्लाइड्समध्ये दोन चित्रं हमखास असतात. एकात वरून पाहिलेला नकाशा: वळणावळणाच्या रेषा, मध्ये L आणि H ही अक्षरं, काही रेषांवर त्रिकोण आणि अर्धवर्तुळं. दुसऱ्यात हवेचा उभा छेद: डावीकडे थंड हवा, मध्ये उबदार हवेचा पाचर, उजवीकडे पुन्हा थंड हवा आणि वर ढगांची नावं. दोन्ही चित्रं पाठ होतात. पण खरा नकाशा समोर ठेवून कुणी विचारलं, ‘मग उद्या सकाळी मँचेस्टरला काय होईल?’, की गाडी अडते. चित्रं जागा दाखवतात आणि प्रश्न वेळेचा असतो. कुठे काय आहे यावरून कधी काय होईल हे काढायचं कसं, तेवढंच इथे बघू.

उदाहरण ब्रिटनचं घेतलंय, आणि ते मुद्दाम. फ्रंटची कल्पना (आपल्या भूगोलाच्या पुस्तकातली आघाडी) उत्तर अटलांटिकच्या हवामानावरूनच उभी राहिली. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये विल्हेल्म बियर्कनेस यांच्या गटानं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हे काम केलं आणि त्यांचा मुलगा याकोब यानं १९१९ मध्ये फिरत्या आवर्ताची रचना मांडली. स्लाइडमधलं चित्र आजही मुळात तेच आहे. ब्रिटिश हवामान खात्याचे नकाशे रोज मोफत बघायला मिळतात, त्यामुळे अंदाज करून दुसऱ्या दिवशी ताडून पाहता येतो. तिकडे शिकणाऱ्या, राहणाऱ्या मराठी मंडळींना तर खिडकीबाहेरच पडताळा मिळेल.

पहिलं काम: नकाशा कधीचा आहे ते बघा

हे इतकं साधं आहे की सगळे विसरतात. नकाशाच्या कोपऱ्यात वेळ लिहिलेली असते आणि ती UTC या जागतिक प्रमाणवेळेत असते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात घड्याळ UTC बरोबरच चालतं, उन्हाळ्यात एक तास पुढे असतं. भारतात साडेपाच तास मिळवायचे. दुसरी गोष्ट, नकाशा प्रत्यक्ष नोंदींवरून काढलेला आहे की अंदाजाचा? T+00 म्हणजे त्या वेळचं विश्लेषण, T+24 म्हणजे चोवीस तासांनंतर चित्र कसं असेल याचा संगणकावरून काढलेला अंदाज. शिकताना T+00 घ्या, आपला अंदाज स्वतः करा आणि मगच T+24 उघडा. आधी उत्तर बघितलं तर नकाशा वाचला जात नाही, नुसता पटतो.

रेषा, आकडे आणि वारा

वळणावळणाच्या रेषा म्हणजे समदाब रेषा. एका रेषेवर सगळीकडे समुद्रसपाटीवर आणलेला वायुदाब सारखा असतो. ‘समुद्रसपाटीवर आणलेला’ हे महत्त्वाचं आहे, कारण जमिनीलगत दर आठेक मीटर चढलं की दाब सुमारे एक हेक्टोपास्कलनं उतरतो. ही दुरुस्ती केली नाही तर डोंगरावरचं प्रत्येक गाव कमी दाबाचं क्षेत्र दिसेल. हेक्टोपास्कल आणि जुना मिलिबार यांचा आकडा एकच असतो, त्यामुळे गोंधळू नका. या नकाशांवर दोन शेजारच्या रेषांमध्ये ४ हेक्टोपास्कलचा फरक असतो: ९९६, १०००, १००४, असं.

L जवळ दाब सगळ्यात कमी, H जवळ सगळ्यात जास्त. इथे एक गैरसमज आधीच दूर करू. अमुक आकड्याच्या खाली कमी दाब आणि वर जास्त दाब अशी काही सीमारेषा नसते. १०१३ ही सरासरी आहे, उंबरठा नाही. आजूबाजूला १०३० असेल तर १०१६ चंही L निघतं. आकडा शेजाऱ्यांच्या मानानं बघायचा.

उत्तर गोलार्धात L भोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, H भोवती काट्यांच्या दिशेनं. वारा साधारण समदाब रेषांना धरून वाहतो, पण जमिनीच्या घर्षणामुळे थोडा कमी दाबाकडे झुकतो. समुद्रावर दहा-वीस अंश, जमिनीवर तीसेक अंश. मैदानात उभं राहून तपासायचं असेल तर वाऱ्याकडे पाठ करा: कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. डच शास्त्रज्ञ बाईज बॅलट यांनी १८५७ मध्ये सांगितलेला हा नियम अजून कामाला येतो.

रेषा जवळजवळ तर वारा जोराचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण किती जोराचा? त्यासाठी एक सोयीचा हिशोब आहे. ५० ते ५५ अंश उत्तर अक्षांशांमध्ये, म्हणजे इंग्लंड आणि आयर्लंडच्या बऱ्याचशा भागात, दोन शेजारच्या रेषांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजा आणि १०,००० ला त्यानं भागा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. रेषा २०० किलोमीटर दूर असतील तर ५०. १०० किलोमीटर असतील तर १००. हा घर्षणाच्या वरचा, मोकळ्या हवेतला वारा. समुद्रावर त्याचा दोन तृतीयांश किंवा थोडा जास्त आणि जमिनीवर जवळपास निम्मा धरायचा. हा आकडा त्याच अक्षांशांपुरता आणि ४ हेक्टोपास्कलच्या रेषांपुरता खरा आहे. स्पेनसाठी तसाच वापरला तर वारा कमी निघेल, कारण विषुववृत्ताकडे जाताना तेवढ्याच रेषांवर वारा जास्त असतो.

अंतर मोजायचं कसं? नकाशावर अक्षवृत्तं आखलेली असतात. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, दहा अंश म्हणजे १,११०. तुमच्या भागातल्या दोन अक्षवृत्तांमधलं अंतर कागदाच्या पट्टीवर खुणेनं उतरवा आणि तीच पट्टी फूटपट्टी म्हणून वापरा. रेखांशांवर मोजू नका; ती उत्तरेकडे जवळ येत जातात. मँचेस्टरच्या अक्षांशावर एक अंश रेखांश जेमतेम ६६ किलोमीटरचा उरतो.

फ्रंट: त्रिकोण ज्या बाजूला, तिकडे वाटचाल

फ्रंट म्हणजे दोन वेगळ्या तापमानांच्या हवांमधली सीमा, जिथे ती जमिनीला टेकते ती रेषा. अर्धवर्तुळं असतील तर उष्ण फ्रंट: मागून उबदार हवा येतेय. त्रिकोण असतील तर शीत फ्रंट: मागून थंड हवा येतेय. ही चिन्हं रेषेच्या ज्या बाजूला काढलेली असतात त्या बाजूला फ्रंट सरकतो. रंगीत स्लाइडवर उष्ण लाल आणि शीत निळा असतो, पण खात्याचा काळा-पांढरा नकाशा आला की रंगावर विसंबलेले गडबडतात, म्हणून आकारच लक्षात ठेवा. दोन्ही चिन्हं एकाच बाजूला आलटून पालटून असतील तर शीत फ्रंटनं उष्ण फ्रंटला गाठलंय आणि उबदार हवा जमिनीवरून उचलली गेली आहे. त्याला ऑक्लुजन म्हणतात. चिन्हं दोन बाजूंना असतील तर फ्रंट जागच्या जागी अडलाय.

उष्ण आणि शीत फ्रंटमधला जो पाचरासारखा भाग असतो तो उबदार पट्टा. याच्याकडे नीट बघा. कमी दाबाचं केंद्र पुढे कुठे जाईल याचा पहिला अंदाज इथेच मिळतो: उबदार पट्ट्यातल्या समदाब रेषा ज्या दिशेनं धावतात, साधारण त्याच दिशेनं केंद्र सरकतं. केंद्र वयस्कर झालं, ऑक्लुजन केंद्राला वेढे घालू लागलं, की हा नियम सुटतो आणि केंद्र रेंगाळतं.

छेदाचं चित्र उजवीकडून वाचायचं

आता ते दुसरं चित्र. त्यात डावीकडे पश्चिम, उजवीकडे पूर्व असते आणि सगळी रचना उजवीकडे सरकत असते. आपण मराठी किंवा इंग्रजी वाचतो तसं ते डावीकडून वाचायला जातो आणि मग आधी शीत फ्रंट, मग उष्ण फ्रंट असा उलटा क्रम सांगून बसतो. पण तुम्ही जमिनीवर एका जागी उभे आहात आणि चित्र तुमच्या डोक्यावरून पश्चिमेकडून येतंय. म्हणजे तुम्हाला आधी भेटतो तो चित्राचा उजवा काठ. चित्र उजवीकडून डावीकडे वाचा, की तेच तुमचं वेळापत्रक होतं.

दुसरी फसवणूक उताराची. स्लाइडवर फ्रंटचा उतार चांगला चाळीस-पंचेचाळीस अंशांचा दिसतो. प्रत्यक्षात उष्ण फ्रंट दीडशे किलोमीटर पुढे गेल्यावर जेमतेम एक किलोमीटर चढतो. शीत फ्रंट जास्त खडा असतो, साधारण पन्नास ते पंचाहत्तर किलोमीटरला एक. खऱ्या प्रमाणात काढलं तर स्लाइडवर दोन्ही जवळजवळ आडव्या रेषाच दिसतील. हा फरक नुसता माहितीचा नाही. अंदाजाची अर्धी किल्ली त्यात आहे. उतार इतका मंद असल्यामुळे उष्ण फ्रंट जमिनीवर पोचण्याआधी त्याचे वरचे ढग नऊशे-हजार किलोमीटर पुढे येऊन थांबलेले असतात. शीत फ्रंट खडा असल्यामुळे तो फारशी वर्दी न देता येतो आणि आटोपतोही लवकर.

उष्ण फ्रंटच्या ढगांचा क्रम आकाशात असा दिसतो. आधी उंचावर पिसांसारखे तंतू, म्हणजे सिरस. मग त्यांचा पातळ पडदा. सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती खळं पडतं. मग ढग खाली येतो, जाड होतो आणि सूर्य धुरकट काचेमागच्या दिव्यासारखा दिसतो. ही अवस्था ओळखायची सोपी खूण म्हणजे सावली: सूर्याची जागा कळते पण जमिनीवर सावली पडत नाही. हा अल्टोस्ट्रेटस. त्यानंतर करडा, आकारच नसलेला निंबोस्ट्रेटस आणि संततधार. पावसाचा पट्टा साधारण फ्रंटच्या पुढे दोनशे ते तीनशे किलोमीटरपर्यंत असतो.

एक नकाशा प्रत्यक्ष सोडवू

हा सरावासाठी रचलेला नकाशा आहे. पण नोव्हेंबरात अटलांटिकवर असाच नकाशा अनेकदा दिसतो. मंगळवार, दुपारी १२ UTC. आइसलंड आणि स्कॉटलंडच्या मधोमध, ६० अंश उत्तर आणि १५ अंश पश्चिम इथे L, दाब ९७६. अझोर्सच्या बाजूला H, १०३२. L पासून उष्ण फ्रंट आग्नेयेकडे उतरतो आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत येऊन पोचलाय. त्याच्या मागे शीत फ्रंट नैऋत्येकडे लांबवर पसरलाय. आपण मँचेस्टरला आहोत. तिथला दाब १००८. उष्ण फ्रंटवर, साधारण आपल्याच अक्षांशावर, दाब ९९६.

आधी अंतरं. मँचेस्टरपासून उष्ण फ्रंटपर्यंत फ्रंटला काटकोनात मोजलं तर ५२० किलोमीटर निघतात, शीत फ्रंटपर्यंत ९८०. काटकोनात का? फ्रंट स्वतःला काटकोनात पुढे सरकतो म्हणून. तिरकं मोजलं तर अंतर फुगतं आणि अंदाज उशिराचा येतो.

मग वेग. यासाठी फ्रंटच्या रेषेवरूनच चाला आणि समदाब रेषा तिला किती किती अंतरावर छेदतात ते मोजा. इथे ते २०० किलोमीटर आहे. १०,००० भागिले २०० म्हणजे ताशी ५० किलोमीटर. शीत फ्रंट साधारण याच पूर्ण वेगानं पुढे येतो. उष्ण फ्रंट त्याच्या दोन तृतीयांश वेगानं, म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. उष्ण हवा हलकी. समोरची जड थंड हवा मागे सरेल तेवढीच जमिनीवरची जागा तिला मिळते, उरलेली ती वर चढून जाते. दोन तृतीयांश हा अनुभवातून आलेला ठोकताळा आहे, पण रोजच्या कामाला पुरतो.

आता भागाकार. ५२० भागिले ३३ म्हणजे जवळपास पावणेसोळा तास. उष्ण फ्रंट मँचेस्टरला बुधवारी पहाटे पावणेचारच्या सुमारास. ९८० भागिले ५० म्हणजे साडेएकोणीस तास. शीत फ्रंट बुधवारी सकाळी साडेसात-आठला. म्हणजे उबदार पट्टा वाट्याला येणार जेमतेम चार तास, तोही झोपेत.

दोन फ्रंटमधलं अंतर आत्ता साधारण ४६० किलोमीटर आणि दर तासाला ते १७ नं घटतंय. भागाकार केला तर २७ तासांत शीत फ्रंट उष्ण फ्रंटला गाठेल. तोवर दोन्ही मँचेस्टर ओलांडून उत्तर समुद्रावर गेलेले असतील. त्यामुळे मँचेस्टरसाठी दोन स्वतंत्र फ्रंट धरायचे. केंद्राजवळच्या उत्तर स्कॉटलंडला मात्र ते आधीच जुळलेले मिळतील आणि तिथे पाऊस एकाच पट्ट्यात येऊन जाईल.

मंगळवारी दुपारी १२ ला मँचेस्टरच्या आकाशात काय असेल, हे उतारावरून काढता येतं. फ्रंट ५२० किलोमीटर दूर, दीडशेला एक चढ, म्हणजे डोक्यावर फ्रंटचा पृष्ठभाग साडेतीन किलोमीटरवर. सिरस सकाळीच येऊन गेलेले असणार. आत्ता अल्टोस्ट्रेटस आणि बिनसावलीचा सूर्य. वारा दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून. पाऊस फ्रंटच्या पुढे २५० किलोमीटरवर धरला तर त्याचा काठ मँचेस्टरपासून अजून २७० किलोमीटर मागे आहे; ३३ नं भागलं की आठ तास. पाऊस रात्री आठच्या आसपास सुरू, हलका, मग वाढत जाणारा, पहाटेपर्यंत संततधार.

दाब १००८ वरून ९९६ पर्यंत, साडेपंधरा-सोळा तासांत १२ हेक्टोपास्कल, म्हणजे दर तीन तासांना दोन-सव्वादोन. ब्रिटिश सागरी हवामानवार्तेत तीन तासांत १.६ ते ३.५ च्या उताराला नुसतं ‘उतरतोय’ म्हणतात आणि ३.६ च्या वर गेलं की ‘झपाट्यानं उतरतोय’. आपला आकडा पहिल्यात बसतो. वादळी काही नाही, पण ठरलेली गडबड.

पहाटे उष्ण फ्रंट गेला की पाऊस थांबेल किंवा भुरभुर उरेल. वारा दक्षिणेकडून नैऋत्येकडे वळेल, तापमान पहाटेच्या अंधारातही दोन-चार अंशांनी चढेल. हे नवख्यांना विचित्र वाटतं: सूर्य नाही आणि गरम होतंय. ही हवा अझोर्सकडून आलेली आहे. दाब उतरायचा थांबेल. आकाश मात्र मोकळं होणार नाही. खालचा राखाडी ढग, टेकड्यांवर धुकं. सकाळी साडेसात-आठला शीत फ्रंट: तास-दीड तास जोराची सर, वारा झटक्यात वायव्येकडे, तापमान चार-सहा अंश खाली, दाब लगेच चढायला लागतो. मग स्वच्छ निळं आकाश, लांबवरचे डोंगर दिसतील इतकी नितळ हवा, आणि त्या निळ्यातून अधूनमधून फुलकोबीसारख्या ढगांच्या सरी. शाळेत मुलांना सोडायला जाणाऱ्यांनी सकाळी आठला छत्री घ्यावी आणि नंतर दिवसभर जवळ ठेवावी, कारण वायव्येचा वारा आयरिश समुद्रावरून सरी थेट मँचेस्टरवर आणतो. पेनाइन डोंगरांच्या पलीकडे, लीड्सला, त्याच वाऱ्यात सरी बऱ्याच कमी पडतात.

आपला अंदाज चुकतोय हे कसं ओळखायचं

अंदाज दिला आणि सोडून दिला, असं करू नका. वाटेवरच्या केंद्रांच्या नोंदी बघा. स्लाइडवरचं ते छोटं वर्तुळ, ज्याला काठी आणि आकडे चिकटलेले असतात, ते म्हणजे एका केंद्राची नोंद. वर्तुळ जितकं भरलेलं तितका ढग. काठी ज्या दिशेला निघते तिकडून वारा येतो. तिच्यावरचा पूर्ण पंख दहा नॉटचा, अर्धा पाचचा. वर डावीकडे तापमान, खाली डावीकडे दवबिंदू. वर उजवीकडे दाबाचे तीन आकडे, दशांशासकट, पण पुढचे ९ किंवा १० गाळलेले. ९८२ लिहिलं असेल तर ९९८.२, ०२१ लिहिलं असेल तर १००२.१. आकडा पाचशेच्या वर असला तर पुढे ९ लावा, खाली असला तर १०.

आपल्या नकाशावर आयर्लंडच्या नैऋत्य टोकावरच्या वॅलेंशियाला १२ अंश, दवबिंदू ११, दाब ९८२ आणि काठी नैऋत्येला दिसली, तर उष्ण फ्रंट तिथून नुकताच गेलाय, आपण बरोबर जागी काढलाय. डब्लिनला दाब ०२१, काठी दक्षिणेला आणि नुकता पाऊस सुरू, तेही जुळतं. पण वॅलेंशियाला वारा अजून आग्नेयेचाच असेल आणि दाब उतरतच असेल, तर फ्रंट मागे आहे आणि आपला पावणेचारचा आकडा पुढे ढकलायला हवा.

घरी असाल तर मोबाइलमधला दाबमापकही चालतो. त्याचा आकडा नव्हे, त्याची चाल बघा. हिशोबाच्या वेळेला दाब उतरायचा थांबलाच नाही, तर फ्रंट अजून यायचाय. दाब तीन तासांत चार-पाचनं उतरू लागला तर केंद्र आणखी खोल होतंय किंवा तुमच्या जवळ येतंय. तेव्हा वाऱ्याचा अंदाज वाढवा.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे शीत फ्रंटवरची लाट. लांबवर नैऋत्येकडे पसरलेल्या शीत फ्रंटला कुठे छोटासा कुबड दिसला, तर त्या जागी नवीन छोटा कमी दाब तयार होऊ शकतो. मग तिथला फ्रंट पुढे जायचा थांबतो, कधी उलटा सरकतो, आणि ‘तासभर सर’ म्हणून सांगितलेला पाऊस दिवसभर पडतो. खूण एकच: त्या भागात समदाब रेषा फ्रंटला छेदण्याऐवजी त्याला समांतर धावतात. छेदतच नाहीत म्हणजे आपल्या हिशोबात वेग शून्याकडे जातो. अशा ठिकाणी भागाकारानं वेळ काढायच्या फंदात पडू नका. पुढचा सहा तासांनंतरचा नकाशा आणून दोन्हींमध्ये फ्रंट किती सरकला ते मोजा.

दुसरं, नकाशावर फ्रंट काढलाय म्हणजे पाऊस येणारच असं नाही. H च्या अंगावरून जाणारा फ्रंट बहुतेक वेळा ढगांचा एक पट्टा आणि वाऱ्यातला किरकोळ बदल एवढंच देतो, कारण तिथे हवा वरून खाली बसत असते आणि ढग वाढू देत नाही. माझं मत विचाराल तर फ्रंटचा रंग बघण्याआधी तो कुठल्या दाबाच्या शेजारी आहे ते बघा; अर्धे अंदाज तिथेच सुधारतात.

आणि H आला तर?

स्लाइडवर H खाली ‘चांगलं हवामान’ लिहिलेलं असतं. हे उन्हाळ्यापुरतं बरं. हिवाळ्यात ब्रिटनवर H येऊन बसला की दोनपैकी एक होतं. आकाश मोकळं राहिलं तर रात्री जमीन उष्णता सोडते आणि सकाळी दाट धुकं किंवा दहिवर पडतं. नाहीतर वरून बसणाऱ्या हवेनं एक उबदार झाकण तयार होतं, त्याच्याखाली ओलावा कोंडतो आणि आठवडाभर करडं, कोरडं, सूर्य न दिसणारं आकाश राहतं. दोन्हींमधला निर्णय नकाशावरून पुरता होत नाही. वारा कुठून येतोय ते बघा: उत्तर समुद्रावरून ओली हवा येत असेल तर पूर्व किनाऱ्यावर ढग, युरोपच्या आतल्या भागातून कोरडी हवा येत असेल तर बहुधा मोकळं आणि कडाक्याचं.

हे महाराष्ट्राच्या नकाशावर लावू नका

भारतीय हवामान खात्याच्या नकाशावर उष्ण आणि शीत फ्रंट शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. फ्रंटला दोन ठळक वेगळ्या तापमानांच्या हवा लागतात; मान्सूनमध्ये बंगालच्या उपसागरावर सगळीकडे सारखीच उबदार, दमट हवा असते. दाबाचे फरकही लहान असतात, म्हणून तिथे समदाब रेषा बहुधा दोन-दोन हेक्टोपास्कलवर काढतात. वारा आणि रेषा यांचं नातंही विषुववृत्ताकडे सैल होत जातं, त्यामुळे १०,००० चा भागाकार मुंबईला चालत नाही. भारतात कमी दाबाचं क्षेत्र ‘डिप्रेशन’ ठरतं ते मुख्यतः वाऱ्यावरून: १७ ते २७ नॉट. आणि त्याचा मुसळधार पाऊस बहुधा केंद्राच्या नैऋत्य भागात पडतो, फ्रंटच्या रेषेवर नाही. हिवाळ्यात उत्तर भारतात येणारे पश्चिमी विक्षोभ मात्र मध्य अक्षांशांचेच पाहुणे असतात. ते गेले की दोन-तीन दिवसांत उत्तरेचा गार वारा खाली उतरतो आणि नाशिक-निफाडकडे पारा घसरतो. तो अंदाज करताना पश्चिमेकडून येणाऱ्या रचनेमागोमाग काय येतं हा वरचाच प्रश्न विचारायचा. फक्त नकाशा वायव्य भारत, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानपर्यंत उघडून ठेवायचा.